हँडओव्हर नोटमध्ये 'मंथ-एंड रिपोर्ट' लिहिलंय, पण रिपोर्ट दोन आहेत. सहकाऱ्याला हा मेसेज असाच पाठवू का?

उंबरठा

आमची टीम दर महिनाअखेरीला एका क्लायंटला दोन रिपोर्ट पाठवते. एक एजिंग, म्हणजे कुणाकडून किती येणं आहे आणि ते किती दिवस थकलंय. दुसरा कलेक्शन, म्हणजे महिन्याभरात कुणाकडून किती पैसे आले. दोन्ही एकच सहकारी करायचा. तो आता दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलाय आणि जाताना हँडओव्हर नोट लिहून गेलाय. नोट एकंदरीत चांगली आहे. पासवर्ड कुणाकडे मागायचे, डेटा कुठून काढायचा, सगळं आहे. फक्त शेवटी ही एक ओळ आहे:

"मंथ-एंड रिपोर्टमधली तारीख दुरुस्त केली आहे. आता पाठवायला हरकत नाही. आधीचा वापरू नये."

आमच्याकडे दोघांनाही मंथ-एंड रिपोर्टच म्हणतात. फोल्डरमध्ये `AR_Ageing_June_v3.xlsx` आणि `Collections_June_final.xlsx` अशा दोन फाईल्स आहेत, आणि दोघींच्या जुन्या प्रतीही शेजारीच पडल्या आहेत.

तो आता वेगळ्या शिफ्टला असतो. आमची वेळ संध्याकाळी जेमतेम तासभर जुळते. रिपोर्ट उद्या दुपारी जायचे आहेत, म्हणजे विचारायची संधी एकदाच. मी लिहिलेला मेसेज:

"हाय, हँडओव्हर नोटबद्दल एक शंका होती. तू रिपोर्टमधली तारीख दुरुस्त केली असं लिहिलंयस, ते एजिंगबद्दल आहे की कलेक्शनबद्दल? आणि आधीचा वापरू नये म्हणजे नक्की कुठला? जरा कळव ना, उद्या पाठवायचे आहेत."

मी टीम लीड आहे, तो माझ्याहून ज्युनियर. उलटतपासणी वाटू नये आणि उत्तरही नेमकं यावं, असं काय बदलू?

---

स्पष्टवक्ता

माफ करा, पण तुम्हीच फार सांभाळून घेताय. नोट नीट लिहिणं हे त्याचं काम होतं. त्याच्या नव्या लीडला सीसीत ठेवून विचारा, पुढच्या वेळी आपोआप नीट लिहील.

---

उंबरठा

@स्पष्टवक्ता, मला त्याची तक्रार करायची नाहीये, उद्या दुपारी योग्य फाईल पाठवायची आहे. शिवाय नव्या लीडला सीसीत ठेवलं तर तो आधी स्वतःचा बचाव लिहील आणि मग उत्तर. तासाभरात तेवढं परवडणार नाही.

---

कीबोर्डवीर

 विचारायची गरजच नाही. फाईलवर राइट क्लिक करून मॉडिफाइड डेट बघा. तो जाण्याच्या आदल्या दिवशी जी बदलली ती दुरुस्त केलेली. दोन मिनिटांचं काम.

---

जुनी_खातेवही

@कीबोर्डवीर, फाईल उघडून बघायचा सल्ला बरोबर, पण त्या तारखेवर भरवसा ठेवू नका. एजिंगच्या फाईलमध्ये बहुतेक वेळा कुठेतरी `TODAY()` असतं. अशी फाईल नुसती उघडून काहीही न करता बंद केली तरी एक्सेल विचारतं, सेव्ह करायची का. कुणीतरी 'हो' म्हटलं की तारीख बदलली. शेअर्ड फोल्डरवर ऑटोसेव्ह चालू असेल तर विचारतही नाही. तेव्हा शेवटचा हात केव्हा लागला एवढंच कळेल, दुरुस्ती केव्हा झाली ते नाही.

@उंबरठा, येणी-वसुलीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली म्हणून सांगतो. तुमच्या मेसेजमध्ये मला अडतंय ते 'तारीख' या शब्दापाशी. एजिंगमध्ये एकच तारीख नसते. एक उदाहरण घ्या. २ मेचं इन्व्हॉइस आहे, ३० दिवसांची मुदत, म्हणजे देय तारीख १ जून. ३० जूनच्या स्थितीचा रिपोर्ट करायचाय.

इन्व्हॉइसच्या तारखेपासून मोजलं तर ५९ दिवस झाले, म्हणजे ते ३१ ते ६० च्या रकान्यात बसतं. ड्यू डेटपासून मोजलं तर २९ दिवस, म्हणजे ० ते ३० मध्ये. आणि शीटमध्ये ३० जूनऐवजी `TODAY()` राहिलं असेल आणि तुम्ही ती आज ३ जुलैला उघडली, तर हेच आकडे ६२ आणि ३२ होतात, आणि दोन्ही पद्धतींत ते पुढच्या रकान्यात सरकतं. इन्व्हॉइस एकच, पण 'तारीख दुरुस्त केली' या एका वाक्याचे निदान दोन अर्थ एकट्या एजिंगमध्येच निघतात.

म्हणून तो "एजिंग" असं एका शब्दात म्हणाला तरी तुमचं काम होणार नाही. विचारण्याआधी जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवून बघा, फरक कुठे आहे. सोपी खूण अशी: डेटा तोच असेल आणि फक्त मोजायची तारीख बदलली असेल तर खालची एकूण बेरीज हलत नाही, रकाने तेवढे आपसात बदलतात. एकूणच बदलली असेल तर डेटा वेगळ्या दिवशी काढलाय किंवा फिल्टर बदललाय.

---

मधली_सुट्टी

खातेवहींशी सहमत. एक भाषेबद्दल. "शंका होती", "जरा कळव ना" हे सगळं मऊ आहे, पण त्या मऊपणात प्रश्न बुडतोय. मला असा मेसेज आला तर मी वाचून "हो बघतो" म्हणेन आणि चहा घेऊन येईपर्यंत विसरेन. शिवाय तुम्ही दोन प्रश्न विचारलेत आणि लोक शेवटच्याचंच उत्तर देतात. "आधीचा म्हणजे कुठला?" याला तो "जुना फोल्डरमध्ये आहे तो" असं सांगेल आणि पहिला प्रश्न तसाच राहील.

---

पाळीप्रमुख

मी कारखान्यातला माणूस, एक्सेलमधलं फार कळत नाही, पण हा आजार ओळखीचा आहे. आमच्या शिफ्ट लॉगमध्ये एकदा लिहिलेलं सापडलं, "पंप दुरुस्त झाला, चालवायला हरकत नाही." आमच्याकडे एकाच कामाला दोन पंप असतात, एक चालू आणि एक राखीव. पंपांवर त्यांचे टॅग असतात, P-101A आणि P-101B असे. कुठला दुरुस्त झाला ते लिहिलंच नव्हतं. मी विचारलं, "ए का बी?" समोरचा म्हणाला, "हो." फोनवर 'ए' त्याला ऐकूच गेलं नव्हतं, बी एवढंच ऐकून तो हो म्हणाला.

तेव्हापासून माझ्या पाळीत टॅग नंबर नसलेली नोंद नोंदच धरत नाही. आणि विचारायचं झालं तर समोरच्याकडून पूर्ण टॅग वदवून घेतो. 'हो', 'तोच', 'पहिला' ही उत्तरं चालत नाहीत. तुमच्याकडे टॅगच्या जागी फाईलचं नाव आहे, तेच लिहायला सांगा.

---

टिपकागद

एवढं कशाला? तास जुळतोय ना, मग फोन करा. दोन मिनिटांत विषय संपला. लेखी मेसेजवर चर्चासत्र भरवतोय आपण.

---

पाळीप्रमुख

@टिपकागद, वरचा किस्सा फोनवरचाच आहे.

---

उंबरठा

खातेवहींनी सांगितलं तसं प्रती शेजारी ठेवून बघितल्या. गोंधळ वाढलाय.

एजिंग: v2 मध्ये दिवस इन्व्हॉइसच्या तारखेपासून मोजलेत, v3 मध्ये ड्यू डेटपासून. एकूण बेरीज दोन्हींत तीच आहे, रकाने बदललेत. आणि 'या तारखेची स्थिती' या सेलमध्ये दोन्ही प्रतींत `=TODAY()` आहे, ३० जून कुठेच नाही.

कलेक्शन: आधीच्या प्रतीत पावत्या पोस्टिंगच्या तारखेवरून उचलल्यात, final मध्ये बँकेत पैसे जमा झाल्याच्या तारखेवरून. इथे मात्र एकूण बेरीज बदललीय. काही पावत्या २९ आणि ३० जूनला बँकेत आल्यात आणि खात्यात पोस्ट झाल्यात २ जुलैला. त्या जुन्या प्रतीत नाहीत, नव्यात आहेत.

म्हणजे तारीख दोन्हींत बदललीय! त्याची ओळ दोन्हींना तितकीच लागू पडते.

---

कीबोर्डवीर

मग दोन्ही दुरुस्त केलेत, दोन्ही नवे पाठवून द्या. उत्तर फाईलमध्येच मिळालं की.

---

जुनी_खातेवही

@कीबोर्डवीर, फाईल बदललीय याचा अर्थ ती पूर्ण झालीय असा होत नाही. एखादा बदल करून पाहिलेला असतो आणि मग राहून गेलेला असतो. नोटमध्ये "आधीचा वापरू नये" हे एकवचनी आहे. दोन्ही तयार असते तर बहुधा 'दोन्ही रिपोर्ट' लिहिलं असतं. बहुधा म्हणतोय, खात्रीने नाही.

@उंबरठा, तुमच्या शोधामुळे प्रश्नच बदललाय असं मला वाटतं. सुरुवातीला तुम्ही विचारत होतात की दुरुस्ती कशात झाली. ते आता तुम्हाला माहीत आहे: दोन्हींत. आता जाणून घ्यायचंय ते वेगळंच, की क्लायंटला जायला मोकळी कुठली आणि जिच्याबद्दल ती ओळ नाही तिचं काय करायचं. तुमचा मूळ मेसेज गेला असता आणि तो "कलेक्शन" म्हणाला असता, तर एजिंगची कुठली प्रत पाठवायची हे पुन्हा अंदाजानेच ठरवलं असतं.

आणखी एक गोष्ट दिसतेय. महिन्याच्या सुरुवातीचं येणं, अधिक महिन्याचं बिलिंग, वजा वसुली, बरोबर महिनाअखेरचं येणं. क्रेडिट नोट वगैरे बाजूला ठेवू. एजिंग तुम्ही खात्यातून काढता, म्हणजे पोस्टिंगप्रमाणे. कलेक्शन आता बँकेच्या तारखेप्रमाणे. २९ जूनला बँकेत आलेली आणि २ जुलैला पोस्ट झालेली पावती कलेक्शनमध्ये 'मिळाली' दिसेल आणि तेच इन्व्हॉइस एजिंगमध्ये 'येणं' दिसेल. क्लायंटने दोन्ही शेजारी ठेवले की पहिला प्रश्न हाच येणार. म्हणून मला शंका आहे की दोन्ही बदल एकत्र पाठवायचा त्याचा विचार नसावा. माझा अंदाज विचाराल तर ओळ एजिंगबद्दल आहे. ड्यू डेटवर जाणं ही साधारण 'दुरुस्ती'च मानली जाते.

---

मधली_सुट्टी

हा अंदाज मेसेजमध्ये मात्र लिहू नका. "मला वाटतं एजिंगच, बरोबर ना?" असं लीडने विचारलं की ज्युनियर हो म्हणतो. खरं आठवत नसलं तरी म्हणतो, कारण हो म्हणणं सोपं असतं.

---

टिपकागद

मला उलटं वाटतं. अंदाज लिहिला की समोरच्याला कळतं आपण किती अभ्यास केलाय, आणि चूक असेल तर तो लगेच "नाही हो" म्हणतो. कोरा प्रश्न विचारला तर सगळं पुन्हा आठवून लिहायचं ओझं त्याच्यावर. नव्या प्रोजेक्टवर गेलेल्या माणसाला जुन्या फाईल उघडायला लावणं म्हणजे उत्तर उद्यावर.

---

मधली_सुट्टी

अभ्यास दाखवायला अंदाज कशाला हवा? फाईलमध्ये काय दिसलं ते लिहा. ते वाचून त्याला फाईल न उघडताही आठवेल. निष्कर्ष तेवढा त्याचा त्याला काढू द्या.

---

टिपकागद

माझ्या टीममधली माणसं मला सरळ "नाही" म्हणतात. तुमच्याकडे म्हणत नसतील तर मेसेज बदलून ते सुटणार नाही.

---

उंबरठा

दोघांचं वाचलं. हा मुलगा वाद घालणाऱ्यातला नाही, म्हणून मी अंदाज टाळतेय. नवा मसुदा:

"अरे, हँडओव्हर नोटमधल्या एका ओळीबद्दल विचारतेय: 'मंथ-एंड रिपोर्टमधली तारीख दुरुस्त केली आहे. आता पाठवायला हरकत नाही. आधीचा वापरू नये.'

दोन्ही फाईल्समध्ये मला तारखेचा बदल दिसतोय.
`AR_Ageing_June_v3.xlsx`: v2 मध्ये इन्व्हॉइसच्या तारखेपासून दिवस, v3 मध्ये ड्यू डेटपासून.
`Collections_June_final.xlsx`: आधी पोस्टिंगची तारीख, आता बँकेत जमा झाल्याची.

ती ओळ यातल्या कुठल्या फाईलबद्दल होती? एक, दोन्ही, किंवा तिसरंच काही, कसंही असू शकतं. उत्तरात फाईलचं पूर्ण नाव लिही.
जिच्याबद्दल नव्हती, तिची कुठली प्रत पाठवायची?

तुझं उत्तर येईपर्यंत दोन्ही थांबवून ठेवतेय. क्लायंटला उद्या दुपारी २ वाजता जायच्या आहेत."

ग्रुपवर न टाकता त्याला थेट पाठवणार आहे. ग्रुपवर टाकलं की ज्यांना माहीत नाही तेही "मला वाटतं" म्हणून उत्तर देतात.

---

जुनी_खातेवही

चांगला झालाय. "एक, दोन्ही, किंवा तिसरंच काही" हे ठेवा, काढू नका. 'हे की ते' विचारलं की माणूस त्या दोनातलंच एक निवडतो. त्याच्या डोक्यात तिसरीच फाईल असली तरी जवळची निवडून मोकळा होतो.

दोन सूचना. `TODAY()` बद्दलही विचारा. ते दोन्ही प्रतींत आहे म्हणजे मागचे सगळे एजिंग कसे गेले, हा प्रश्न उरतो. आणि "थांबवून ठेवतेय" हे बरोबर, पण उत्तर आलंच नाही तर काय, तेही ठरवून ठेवा.

---

स्पष्टवक्ता

उत्तर आलं नाही तर मागच्या महिन्यात गेलेल्या पद्धतीने पाठवा. निदान क्लायंटला ओळखीचे आकडे तरी दिसतील. ही सूचना तक्रारीविना देतोय, नोंद घ्यावी. :)

---

जुनी_खातेवही

@स्पष्टवक्ता, हे पटलं. पद्धत बदललेला रिपोर्ट एकदा गेला की परत घेणं कठीण जातं. त्यावरून कुणाचा तरी पाठपुरावा सुरू झालेला असतो, ६० दिवसांच्या पुढे गेलेल्यांना पत्रं जातात. मागच्याच पद्धतीचा गेला तर फार तर सुधारणा एक महिना उशिरा पोचते.

---

पाळीप्रमुख

आमच्याकडेही हाच नियम आहे. कुठला पंप ते कळेपर्यंत काल जो चालू होता तोच चालू ठेवतो.

---

उंबरठा

@खातेवही, `TODAY()` चा प्रश्न याच मेसेजमध्ये घालू का? तिसरा प्रश्न झाला की मधली_सुट्टी म्हणतात तसं होईल, शेवटच्याचंच उत्तर येईल.

---

मधली_सुट्टी

नको घालू. आधी हे उत्तर येऊ दे, मग पाठोपाठ विचार. एकदा बोलणं सुरू झालं की माणूस पुढचं पटकन सांगतो.

---

जुनी_खातेवही

माझ्या मते घालाच, तास एकच आहे. पण त्या माणसाला तुम्ही ओळखता, मी नाही.

---

उंबरठा

मेसेज मसुद्याप्रमाणे गेला, `TODAY()` मागून विचारायचं ठरवून. पाच मिनिटांत उत्तर आलं. त्याच्या परवानगीने जसंच्या तसं देते:

"`Collections_June_final.xlsx` बद्दल होती. क्लायंटलाच बँकेची तारीख हवी होती, त्यांचा मेल आहे, फॉरवर्ड करतो. एजिंगचा v3 पाठवू नका!! तो मी ट्रायल म्हणून केलेला, ड्यू डेटला क्लायंटचा होकार अजून नाही. एजिंगचा v2 पाठवायचा. सॉरी, मी ती ओळ कलेक्शनच्या खालीच लिहिली होती, नंतर नोटचा क्रम बदलला तेव्हा ती शेवटी गेली वाटतं."

म्हणजे ती ओळ लिहिताना स्पष्टच होती, कलेक्शनच्या शीर्षकाखाली. कापून चिकटवताना शीर्षक मागे राहिलं.

---

कीबोर्डवीर

अरे बापरे. म्हणजे मी म्हणालो तसे दोन्ही नवे पाठवले असते तर एजिंगचा न ठरलेला रिपोर्ट गेला असता. v3 नाव बघून कुणालाही तो शेवटचा वाटेल.

---

जुनी_खातेवही

आणि माझा अंदाज धरून "आधीचा वापरू नये" एजिंगला लावलं असतं, तर जो पाठवायचा होता तोच v2 बाजूला पडला असता. मधली_सुट्टी, अंदाज न लिहिण्याचं तुमचं म्हणणं इथे कामी आलं.

---

टिपकागद

हे काही सिद्ध होत नाही. "मला एजिंग वाटतंय" लिहिलं असतं तरी त्या पोराने दोन उद्गारचिन्हांसकट नाहीच म्हटलं असतं. असं उत्तर देणारा माणूस हो-ला-हो करणारा वाटत नाही मला.

---

मधली_सुट्टी

तेही शक्य आहे. पण मला त्या उत्तरात जास्त महत्त्वाचा वाटतो तो एजिंगचा भाग. तो दुसऱ्या प्रश्नामुळे आला. नुसतं "कुठली फाईल" विचारलं असतं तर तो "कलेक्शन" म्हणून मोकळा झाला असता, आणि एजिंगसाठी साहजिकच v3 उचलला गेला असता.

---

उंबरठा

अगदी खरं, मी v3 च उचलला असता.

`TODAY()` विचारलं. तो म्हणाला, "पाठवायच्या दिवशी मी त्या सेलमध्ये हाताने महिन्याची शेवटची तारीख टाकतो, पीडीएफ काढतो आणि सेव्ह न करता फाईल बंद करतो." ही पायरी नोटमध्ये कुठेच नाही. त्याच्या हाताला ती इतकी सवयीची की लिहायची असते हेच त्याच्या लक्षात आलं नसणार. मागचे पीडीएफ उघडून बघितले, सगळ्यांवर महिनाअखेरची तारीख आहे. मागचं सगळं बरोबर गेलंय.

---

जुनी_खातेवही

सुटलात. पण आता हाताने टाकायचं बंद करा. त्या सेलमध्ये `TODAY()` ऐवजी हे ठेवलं तर पुढच्या महिन्यात कधीही उघडलं तरी मागच्या महिन्याचा शेवटचा दिवस येईल:

```
=EOMONTH(TODAY(),-1)
```

३ जुलैला उघडा नाहीतर २० जुलैला, ३० जूनच दिसेल. एकच धोका, महिना संपण्याआधी मसुदा काढायला उघडलंत तर चालू महिन्याऐवजी मागच्या महिन्याचा शेवटचा दिवस धरला जाईल. आणि हे फक्त दिवस मोजण्यापुरतं आहे. डेटा ३० जूनपर्यंतच्या नोंदींचा काढलाय की आजपर्यंतच्या, ते वेगळं तपासायचं. नाहीतर जुलैच्या पावत्या वजा होऊन एकूण येणंच कमी दिसेल आणि रकाने मात्र अगदी बरोबर वाटतील.

---

पाळीप्रमुख

मला कळलं ते एवढंच की नोट लिहिणाऱ्याने नाव वर शीर्षकात लिहिलं होतं, ओळीत नाही. आमच्या लॉगबुकात याच कारणाने प्रत्येक ओळीत टॅग लिहायला लावतो. नव्या पोरांना ती कटकट वाटते.

---

स्पष्टवक्ता

नोट आता कोण दुरुस्त करणार? तो की तुम्ही?

---

उंबरठा

मी केली. त्या ओळीच्या जागी आता असं आहे: "`Collections_June_final.xlsx`: बँकेत जमा झाल्याच्या तारखेप्रमाणे, क्लायंटच्या मागणीवरून. पोस्टिंगच्या तारखेची प्रत वापरू नये." एजिंगची वेगळी ओळ, v2 चं नाव घालून. v3 चं नाव बदलून `AR_Ageing_June_TRIAL_duedate.xlsx` केलं. त्याला दाखवलं, तो "हो, बरोबर" म्हणाला. पाळीप्रमुख रागावतील, पण इथे नाव वर लिहिलेलं असल्याने 'हो' चालवून घेतलं.

---

पाळीप्रमुख

चालेल. :)

---

टिपकागद

खातेवही, तुमचा मधला मुद्दा राहिलाच की. २९ जूनला आलेली पावती कलेक्शनमध्ये मिळालेली आणि एजिंगमध्ये थकलेली. दोन्ही फाईल्स उद्या जातायत, तर हे क्लायंटला दिसणारच.

---

जुनी_खातेवही

हो, तो राहतोच. मी असतो तर एजिंगच्या खाली एक ओळ टाकली असती: बँकेत ३० जूनपर्यंत आलेली पण २ जुलैला पोस्ट झालेली रक्कम इतकी, ती वरच्या येण्यात अजून धरलेली आहे. ती रक्कम वजा केली की दोन्ही रिपोर्ट जुळतात.

---

उंबरठा

मला ती ओळ कलेक्शनमध्ये टाकावीशी वाटते. पद्धत तिथे बदललीय, एजिंग तर दर महिन्यासारखाच आहे.

---

जुनी_खातेवही

पण पाठपुरावा करणारा माणूस एजिंग उघडतो, कलेक्शन नाही. पैसे दिलेल्या माणसाला तो पुन्हा फोन करेल.

---

उंबरठा

हे बरोबर आहे. पण एजिंगच्या खाली काही वाढवायचं तर क्लायंटला आधी सांगावं लागेल, तिथला साचा त्यांचा आहे. सकाळी विचारते. त्यांचं उत्तर दोनच्या आत आलं नाही तर निदान मेलमध्ये तरी ती रक्कम लिहून पाठवीन.